गप्पांची भाषा आणि निबंधाची भाषा : एका परिच्छेदावरील अभिप्राय

पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना आपण शिक्षक समासात ठरावीक शेरे लिहितो. ‘बोलीभाषा टाळा’, ‘मोघम’, ‘शैली सुधारा’. मीही अनेक वर्षे हेच लिहीत आलो. त्यांपैकी एकाही शेऱ्याने विद्यार्थ्याला पुढे काय करायचे ते कळत नाही. उलट अशा शेऱ्यांमुळे निबंध बिघडतो, हे मला एका परिच्छेदाने शिकवले. प्रस्तुत लेखात तो परिच्छेद, त्यावर मी आधी दिलेला अभिप्राय, त्यातून झालेले नुकसान आणि नंतर दिलेला अभिप्राय, असे क्रमाने मांडत आहे.

विषय होता फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण. गोव्यातील एका महाविद्यालयातील विद्यार्थिनीने लिहिलेला परिच्छेद असा होता :

‘फादर स्टीफन्स हा मूळचा इंग्रज माणूस, पण पठ्ठ्याने मराठी एवढी छान आत्मसात केली की विचारायची सोय नाही. त्या काळात परिस्थिती खूप वाईट होती, देवळं वगैरे पाडली होती, लोकांची पुराणं-पोथ्या पण बंद केल्या होत्या. मग स्टीफन्सने काय केलं, तर सरळ ओवीच उचलली! ख्रिस्तपुराण लोकांनी अगदी डोक्यावर घेतलं. त्याच्यात आपल्याकडचे बरेच शब्द पण आहेत. खरं सांगायचं तर वाचताना आपली आजीच पोथी वाचत बसलीय असं वाटतं. एकूण काय, हे पुराण म्हणजे मराठीचा एक मोठा ठेवाच आहे.’

पहिला अभिप्राय आणि त्याचा परिणाम

मी या परिच्छेदात अकरा ठिकाणी लाल रेघ मारली आणि खाली लिहिले, ‘भाषा अनौपचारिक. अभ्यासनिबंधाची शैली हवी.’ आठवड्याने सुधारित परिच्छेद आला :

‘थोर मिशनरी फादर स्टीफन्स यांनी मराठी भाषेवर असामान्य प्रभुत्व संपादन केले. तत्कालीन परिस्थिती अत्यंत प्रतिकूल होती. विविध धार्मिक निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर त्यांनी ओवी छंदाचा प्रभावी अवलंब केला. सदर ग्रंथास समाजाच्या सर्व स्तरांतून उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला. सदर ग्रंथात अनेक स्थानिक शब्द आढळतात. अशा प्रकारे हा ग्रंथ मराठी साहित्यातील अमूल्य ठेवा ठरतो.’

वरवर पाहता माझ्या सगळ्या रेघांचे निरसन झाले होते. ‘पठ्ठ्या’ गेला, ‘वगैरे’ गेले, उद्गारचिन्ह गेले. गुण देऊन मोकळे व्हावे असा हा परिच्छेद. पण दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून वाचले, तेव्हा तीन गोष्टी लक्षात आल्या.

पहिल्या परिच्छेदात देवळे पाडली आणि पोथ्या बंद झाल्या, असे दोन ठोस उल्लेख होते. दुसऱ्यात त्यांच्या जागी ‘विविध धार्मिक निर्बंध’ आले. म्हणजे भाषा औपचारिक होताना मजकूर अधिक मोघम झाला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. ‘लोकांनी डोक्यावर घेतलं’ हे वाचताना वाचकाला कळते की ही बोलण्याच्या भरातली अतिशयोक्ती आहे. ‘समाजाच्या सर्व स्तरांतून उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला’ हे मात्र सिद्ध झालेल्या गोष्टीसारखे वाचले जाते. सतराव्या शतकातील सासष्टीच्या समाजातील सर्व स्तरांचा प्रतिसाद विद्यार्थिनीला कुठून कळला? तिला तो कळलेला नव्हता. माझ्या रेघेने तिला न कळलेली गोष्ट ठामपणे म्हणायला लावली.

तिसरी गोष्ट म्हणजे आजी नाहीशी झाली. सबंध परिच्छेदात विद्यार्थिनीने स्वतः पाहिलेले, कोणत्याही पाठ्यपुस्तकातून न उचललेले असे एकच वाक्य होते, आणि ते सर्वांत गप्पिष्ट होते. मी त्याखाली रेघ मारली आणि तिने ते आज्ञाधारकपणे काढून टाकले.

यावरून असे म्हणता येईल की गप्पांच्या भाषेतला मोघम शब्द म्हणजे माहितीची उधारी असते. ‘बरेच’ म्हणजे किती ते नंतर सांगेन, ‘वगैरे’ म्हणजे काय काय ते नंतर सांगेन. ‘बरेच’च्या जागी ‘अनेक’ किंवा ‘विपुल’ लिहिल्याने ती उधारी फिटत नाही, फक्त दिसेनाशी होते. म्हणून अभिप्राय देणाऱ्याने शब्द बदलायला सांगण्याआधी त्या शब्दाआड कोणती माहिती राहिली आहे, ते विचारले पाहिजे.

तीन प्रकारच्या जागा

मग मी तोच पहिला परिच्छेद पुन्हा घेतला आणि त्यातील अनौपचारिक जागांची तीन गटांत वाटणी केली.

पहिला गट निव्वळ सुराचा. ‘पठ्ठ्याने’, ‘विचारायची सोय नाही’, ‘काय केलं, तर’, ‘खरं सांगायचं तर’, ‘एकूण काय’, आणि ते उद्गारचिन्ह. समोर बसलेल्या श्रोत्याचे लक्ष धरून ठेवण्यासाठी आपण बोलताना हे शब्द वापरतो. ते काढले तरी अर्थातून काहीही कमी होत नाही. त्यामुळे त्यांवर प्रत्येक ठिकाणी शेरा देण्याची गरज नाही. सर्वांसाठी मिळून एक सूचना पुरते. ‘असं केलं’ आणि ‘असे केले’ हा भेदही याच गटातला. ‘केलं’ हे उच्चाराप्रमाणे लिहिलेले रूप संवादात शोभते, निबंधाच्या निवेदनात ‘केले’ लिहावे. ही दुरुस्ती शेवटच्या वाचनात दहा मिनिटांत होते. ती आधी सुचवली तर विद्यार्थी तेवढीच करतो आणि काम झाले असे समजतो.

दुसरा गट मोघमपणाचा. ‘त्या काळात’, ‘खूप वाईट’, ‘वगैरे’, ‘मग’, ‘डोक्यावर घेतलं’, ‘आपल्याकडचे बरेच’, ‘मोठा ठेवा’. येथे शब्द काढून चालत नाही, कारण त्याच्या जागी काहीतरी यायला हवे.

तिसरा गट म्हणजे चुकीच्या वेषात आलेले बरोबर निरीक्षण. आजीचे वाक्य या गटात येते. ते ओळखणे हे अभिप्रायातील सर्वांत अवघड काम आहे, कारण ते पहिल्या दोन गटांसारखेच दिसते. ओळखण्याची एक खूण अशी : त्या वाक्यातून ‘मला वाटतं’ किंवा ‘आपली आजी’ असे शब्द बाजूला काढले तर खाली वस्तूचे काही लक्षण उरते का? ‘मराठी एवढी छान’ यातून सूर काढला तर काही उरत नाही. ‘आजी पोथी वाचतेय’ यातून आजी काढली तर पोथी उरते, आणि ख्रिस्तपुराणाचे पोथीशी काही साम्य आहे हा दावा उरतो. तो तपासता येतो.

तीन प्रश्न आणि एक राखीव वाक्य

दुसऱ्या गटातील सातही जागांवर प्रश्न विचारण्याचा मोह मी टाळला. सात प्रश्न विचारले की विद्यार्थी सोपे तीन सोडवतो. म्हणून ज्यांच्या उत्तराने निबंधाचा युक्तिवाद बदलेल असेच तीन निवडले.

पहिला प्रश्न ‘मग’ या एका शब्दावर होता. मी लिहिले : ‘देवळे केव्हा पाडली गेली आणि ख्रिस्तपुराण केव्हा छापले गेले? “मग” म्हणजे किती वर्षांनी?’ विद्यार्थिनीने सनावळ्या पाहिल्या. सासष्टीतील देवळे पाडली गेली ती १५६६-६७ च्या सुमारास. स्टीफन्स गोव्यात आले १५७९ मध्ये. ख्रिस्तपुराण राशोल येथे छापले गेले १६१६ मध्ये. म्हणजे त्या ‘मग’ने जवळजवळ पन्नास वर्षे गिळली होती. गोष्ट सांगताना ‘मग’ हा शब्द दोन घटना एकमेकींना चिकटवतो, आणि आधीची घटना नंतरचीचे कारण आहे असेही सुचवून जातो. १६१६ मध्ये हे पुराण ऐकणाऱ्या तरुण श्रोत्यांपैकी बहुतेकांचा जन्म देवळे पडल्यानंतरचा असणार. मग त्यांच्यात पोथीची ओढ कशी टिकली, हा विद्यार्थिनीच्या निबंधाचा खरा प्रश्न होता. तो तिला ‘मग’ उलगडल्यावर दिसला.

दुसरा प्रश्न ‘डोक्यावर घेतलं’ यावर : ‘हे कशावरून म्हणता येते? जेवढा पुरावा आहे तेवढेच क्रियापद वापरा.’ तिला पुरावा मिळाला तो असा की १६१६ नंतर हा ग्रंथ १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापला गेला. अडतीस वर्षांत तीन छपाया, ही त्या काळच्या गोव्यात लहान गोष्ट नव्हे. पण यातून काय सिद्ध होते? ग्रंथ पुन्हा हवा होता हे सिद्ध होते. तो कोणाला हवा होता, श्रोत्यांना की छापवून घेणाऱ्या धर्मसंस्थेला, हे केवळ छपाईच्या सनावरून ठरत नाही. म्हणून ‘लोकप्रिय झाला’ हे क्रियापद जड होते आणि ‘मागणी होती, असे दिसते’ हे पेलणारे होते. ‘दिसते’, ‘सूचित होते’, ‘सिद्ध होते’, ‘असे म्हणता येते’ ही क्रियापदे विद्यार्थी शोभेसाठी आलटून पालटून वापरतात. ती वजनाची मापे आहेत, हे एकदा एका उदाहरणावर दाखवले की पुन्हा सांगावे लागत नाही.

तिसरा प्रश्न ‘आपल्याकडचे बरेच शब्द’ यावर : ‘आपल्याकडचे म्हणजे कोणाचे? एक शब्द देऊन दाखवा.’ ती दोन उदाहरणे घेऊन आली आणि ती एकमेकांपासून वेगळी निघाली. एक होते ‘वैकुंठ’. स्वर्गासाठी स्टीफन्स हा शब्द वापरतात. तो हिंदू धर्मपरंपरेतला आहे, पण केवळ गोव्याचा नाही. दुसरे होते कोकणी शब्दांचे. ग्रंथाच्या प्रास्ताविकात लेखकानेच सांगितले आहे की कठीण मराठी शब्द टाळून त्या जागी ब्राह्मण भाषेतले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द मिसळले आहेत. म्हणजे ‘आपल्याकडचे’ या एका शब्दात दोन वेगळे युक्तिवाद अडकले होते : एक धार्मिक परिभाषेचा आणि दुसरा स्थानिक बोलीचा. ‘स्थानिक शब्द’ असे लिहून ती गाठ आणखी घट्ट झाली होती. तिने यांपैकी कोणताही एक निवडावा आणि दुसरा वेगळ्या परिच्छेदात न्यावा, असे मी सुचवले.

शेवटी आजीच्या वाक्याशेजारी मी रेघ मारली नाही, चौकट केली आणि लिहिले : ‘हे वाक्य ठेवा. आजी काढा, पोथी राहू द्या. पोथीचे कोणते लक्षण तुम्हाला येथे दिसले ते सांगा.’

दुसऱ्यांदा सुधारलेला परिच्छेद

विद्यार्थिनीच्या घरी गुरुचरित्राचे पारायण होत असे, आणि तिची आजी वाचत असे ती पोथी तीच. गुरुचरित्रात नामधारक विचारतो आणि सिद्ध सांगतो. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीही श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण उठून म्हणतो की जुनी पुराणे आम्हाला वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण द्यावे. आजीची आठवण तिला ओवीमुळे झाली असे ती समजत होती. प्रत्यक्षात ती विचारणारा आणि सांगणारा या रचनेमुळे झाली होती. तिने लिहिलेला नवा परिच्छेद असा :

‘सासष्टीतील देवळे १५६६-६७ च्या सुमारास पाडली गेली आणि पुराणवाचनावर बंदी आली. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले, तेव्हा या घटनांना जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती. तरीही ग्रंथाच्या आरंभी एक श्रोता जुन्या पुराणांच्या जागी नवे पुराण मागतो. पोथी ऐकण्याची सवय इतक्या काळानंतरही टिकून होती, निदान लेखकाला तसे वाटत होते, असे यावरून म्हणता येते. स्टीफन्स यांनी पोथीचा केवळ ओवी छंद घेतला नाही. श्रोत्याने विचारावे आणि वक्त्याने सांगावे ही मांडणीही घेतली. गुरुचरित्रातील नामधारक आणि सिद्ध यांचा संवाद याच प्रकारचा आहे. १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला, यावरून त्याला मागणी होती असे दिसते.’

यात एकही भारदस्त शब्द नाही. ‘पाडली’, ‘सवय’, ‘मागतो’, ‘मागणी’ हे सगळे रोजचे शब्द आहेत. तरी हा परिच्छेद पहिल्या सुधारित परिच्छेदापेक्षा अभ्यासनिबंधाच्या अधिक जवळचा आहे, कारण यातील प्रत्येक वाक्यावर कोणी आक्षेप घेऊ शकतो. ‘निदान लेखकाला तसे वाटत होते’ ही पुरवणी तिने स्वतःहून जोडली. श्रोत्याचा प्रसंग लेखकाने रचलेला असू शकतो, हे तिच्या ध्यानात आले होते. ‘मोठा ठेवा’ हे वाक्य तिने काढून टाकले, आणि त्याची उणीव कोणालाही भासली नाही.

मोघम वाक्य ओळखण्याची एक सोपी कसोटी मी आता वर्गात वापरतो. वाक्यातील ग्रंथाचे नाव काढून तेथे दुसऱ्या ग्रंथाचे नाव घालावे. ‘दासबोध हा मराठी साहित्यातील अमूल्य ठेवा आहे’ हे वाक्य तितकेच खरे वाटते, म्हणजे ते ख्रिस्तपुराणाविषयी काहीच सांगत नव्हते. ‘दासबोधाच्या आरंभी एक श्रोता जुन्या पुराणांच्या जागी नवे पुराण मागतो’ हे मात्र तत्काळ खोटे ठरते. जे वाक्य अदलाबदल केल्यावर खोटे ठरते, ते नेमके आहे.

गप्पिष्टपणा आणि प्रादेशिक शब्द

महाराष्ट्राबाहेरच्या केंद्रांत शिकवणाऱ्यांनी येथे एक खबरदारी घ्यायला हवी. आपल्या विद्यार्थ्यांच्या मराठीत कोकणी, कन्नड, हिंदी, गुजराती यांच्या छटा असतात. लाल रेघ मारणारा हात गप्पिष्ट शब्द आणि प्रादेशिक शब्द यांत फरक करीत नाही. शेतीविषयक एका निबंधात विद्यार्थ्याने ‘कुळागर’ लिहिले होते आणि ते खोडून वर ‘बाग’ लिहिलेले मी पाहिले आहे. कुळागर म्हणजे पाटाच्या पाण्यावर जोपासलेली, पोफळी, माड, केळी, मिरवेल अशी एकमेकांच्या आधाराने वाढणारी लागवड. ‘बाग’ या शब्दाने यातले काहीच कळत नाही. येथे प्रादेशिक शब्द नेमका होता आणि प्रमाण शब्द मोघम. असा शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाजवळ एका वाक्यात त्याचा अर्थ द्यावा. याउलट ‘तो काम करून राहिला आहे’ यासारखी रचना प्रमाण लेखनात ‘तो काम करीत आहे’ अशी करून घ्यावी. पण ती व्याकरणाची सूचना म्हणून द्यावी. तिला ‘अनौपचारिक’ म्हटले तर विद्यार्थ्याला त्याच्या घरची भाषाच हलकी आहे असे वाटते, आणि तो पुढच्या निबंधात ‘सदर’ आणि ‘तत्कालीन’ यांच्या आडोशाला जातो.

या पद्धतीच्या मर्यादा

ही पद्धत प्रत्येक निबंधाला लागू पडत नाही. काही वेळा ‘बरेच’, ‘वगैरे’, ‘खूप’ यांच्याआड काहीच नसते, कारण विद्यार्थ्याने मूळ ग्रंथ उघडलेलाच नसतो. पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून आणखी एक मोघम वाक्य आले की हे कळते. तेव्हा भाषेवर अभिप्राय देणे थांबवावे आणि ‘अमुक प्रकरण वाचून पुन्हा लिहा’ एवढेच सांगावे.

माझाही एक प्रश्न अपुरा पडला. सुधारित परिच्छेद वर्गात वाचून दाखवताना मी आधीची आवृत्तीही वाचली. ‘आपली आजीच पोथी वाचत बसलीय’ हे ऐकून एका ख्रिस्ती घरातील विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, आपली म्हणजे कोणाची?’ ज्यांच्यासाठी ख्रिस्तपुराण रचले गेले, त्यांच्या वंशजांपैकी कोणी हा निबंध वाचील, ही शक्यता त्या ‘आपली’ने वगळली होती. ‘आपल्याकडचे’ या शब्दावर प्रश्न विचारताना मी भाषेचा विचार केला, वाचकाचा केला नाही. गप्पांमध्ये ‘आपण’ म्हणजे समोर बसलेले चौघे. निबंधात समोर कोण बसले आहे ते ठाऊक नसते. तेव्हापासून समासात ‘आपला’ हा शब्द दिसला की मी त्याला गोल करतो आणि शेजारी त्या विद्यार्थिनीचाच प्रश्न लिहितो.